३० पैकी २८, तरीही आजारी

आज वार कोणता, आपण कोणत्या गावात आहोत, शंभरातून सात वजा करत जा, मघाशी सांगितलेले तीन शब्द पुन्हा म्हणून दाखवा. विसरभोळेपणाची शंका आली की डॉक्टर असे प्रश्न विचारतात आणि ३० पैकी गुण देतात. समोर बसलेल्या छप्पन वर्षांच्या गृहस्थांना २८ मिळाले. एक शब्द सुटला, वजाबाकीत एकदा चूक झाली, बाकी सगळं चोख. काही त्रास होतो का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "छे, मी ठणठणीत आहे. हीच उगाच घेऊन आली." शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "विसरत काही नाहीत हो डॉक्टर. पण हे आमचे हे नव्हेतच."

हे गृहस्थ म्हणजे कोणी एक माणूस नाही. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, थोडक्यात एफटीडी, या आजाराच्या रुग्णांच्या घरची माणसं जे सांगतात, त्यातून जुळवलेलं हे उदाहरण आहे. या आजाराचे काही प्रकार भाषेपासून सुरू होतात. अभिनेता ब्रूस विलिस यांच्या बाबतीत २०२२ मध्ये आधी वाचेचा दोष जाहीर झाला आणि २०२३ मध्ये एफटीडीचं निदान. पण सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार वागण्यापासून सुरू होतो. घरातल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो याच प्रकारात, म्हणून इथे त्याच्याविषयीच लिहितो.

या घरात सुरुवात कशी झाली ते पाहू. गृहस्थ सरकारी कार्यालयात लेखा विभागात, हिशेबाला पक्के, बोलायला मोजके. दोनेक वर्षांपूर्वी मुलीची परीक्षा होती आणि यांनी पेपर कसा गेला हे एकदाही विचारलं नाही. कामाच्या ताणात असतील, असं घरच्यांना वाटलं. मग एका लग्नात शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या ताटातला गुलाबजाम सहज उचलून तोंडात टाकला. चुलत भावाच्या अंत्यविधीला स्मशानात मोठ्याने विनोद केला आणि स्वतःच हसले. आयुष्यभर गोडाला हात न लावणारा माणूस आता अर्धा किलो पेढे एका बैठकीत संपवू लागला. रोज चार वाजता त्याच रस्त्याने त्याच टपरीवर चहा, पाऊस असो की घरी पाहुणे असोत. पत्नी न्हाणीघरात घसरून मनगट मोडून घेऊन बसल्या, तेव्हा हे दारातून बघून म्हणाले, "चहा कधी टाकतेस?" आणि मागच्या दिवाळीनंतर एका अनोळखी फोनवर विश्वास ठेवून मुदतठेव मोडली. पैसे गेले हे त्यांना नीट आठवतं. कोणाला किती दिले तेही आठवतं. वाईट मात्र वाटत नाही.

दरम्यान घरात सगळे तर्क होऊन गेले. बाहेर काही भानगड आहे का, चोरून पितात का, कोणी काही केलं का. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध दिलं. एफटीडीत हे नेहमीचंच आहे. पहिली लक्षणं आणि पक्कं निदान यांच्यात तीनचार वर्षं सहज निघून जातात, कारण प्रत्येक घटनेला स्वतंत्रपणे काहीतरी कारण सापडतं. शिवाय आजार बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात येतो. नोकरी चालू असते, मुलं शिकत असतात, आणि या वयात डिमेन्शिया असेल असं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता प्रश्न असा, की सगळं आठवत असलेला माणूस असा का वागतो? त्यासाठी कपाळामागे काय चालतं ते पाहायला हवं.

मेंदूचा पुढचा मोठा भाग म्हणजे फ्रंटल लोब, डावा आणि उजवा. त्याच्या मागच्या कडेला हातापायांच्या हालचालींचं नियंत्रण आहे. तो भाग इथे बाजूला ठेवू. त्याच्या पुढे जे उरतं त्यात ढोबळमानाने तीन प्रदेश करता येतात. कपाळाच्या बाजूंना असलेला वरचा, बाहेरचा भाग कामाची आखणी करतो. चार गोष्टी एकाच वेळी मनात धरणं, आधी काय, नंतर काय हे ठरवणं, मध्येच बेत बदलावा लागला तर बदलणं, ही त्याची कामं. दोन्ही लोब मधोमध जिथे समोरासमोर येतात, तिथला आतला भाग उठून काही करावंसं वाटायला लावतो. तो बिघडला की माणूस आळशी होत नाही, त्याला काही करावंसं मुळी वाटतच नाही. तासन्‌तास खुर्चीत बसून राहतो आणि कंटाळतही नाही. तिसरा भाग डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर, मेंदूच्या तळाला. समोर आलेल्या गोष्टीची आपल्याला किती किंमत आहे आणि हे आत्ता केलं तर पुढे काय होईल, याचा अंदाज तो भावनेच्या रूपात पुरवतो. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा विचार मनात आला, तरी आपला हात जागच्या जागी थांबतो तो याच भागामुळे. त्यासाठी आपण नियम आठवत बसत नाही. लाज आधी येते, विचार मागून.

या तिसऱ्या भागाचं काम सगळ्यात स्पष्ट दाखवणारा रुग्ण एफटीडीचा नव्हता. अमेरिकेत आयोवा इथल्या एस्लिंगर आणि दमासिओ या संशोधकांनी १९८५ मध्ये त्याचा वृत्तांत छापला, आणि तो ईव्हीआर या आद्याक्षरांनी ओळखला जातो. फिनियस गेजची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. १८४८ मध्ये लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेलेला तो रेल्वेचा मुकादम. पण त्याच्या गोष्टीवर इतकी पुटं चढली आहेत, की पुढे चिलीमध्ये त्याने काही वर्षं घोडागाडी हाकण्याची नोकरी केली, हे पुष्कळदा सांगितलंच जात नाही. ईव्हीआरची नोंद अधिक भरवशाची आहे.

ईव्हीआर हिशेबनीस होता, घरसंसारात आणि नोकरीत मान असलेला. पस्तिशीत त्याच्या डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागात गाठ सापडली. ती कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर फ्रंटल लोबचा तळाचा आणि मधला बराच भाग काढावा लागला. नंतरच्या चाचण्यांत त्याची बुद्धिमत्ता सरासरीच्या बरीच वर आली आणि स्मरणशक्ती उत्तम निघाली. तरी त्याने बदनाम असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याशी भागीदारी केली आणि दिवाळं काढलं. नोकऱ्या सुटल्या. घटस्फोट झाला, लगेच दुसरं लग्न, तेही मोडलं. बाहेर जेवायला कुठे जायचं हे ठरवायला तो कित्येक तास घालवी. प्रत्येक ठिकाणची बसायची सोय, पदार्थ, तिथलं वातावरण यांचा काथ्याकूट करी, गर्दी किती आहे ते गाडीने जाऊन बघून येई, आणि तरी त्याचं ठरत नसे.

आता महत्त्वाची गोष्ट. एखाद्याने अमुक परिस्थितीत काय करावं, असं त्याला कागदावर विचारलं की तो अगदी शहाण्यासारखी उत्तरं देई. म्हणजे योग्य काय हे माहीत असणं आणि त्या माहितीचं वजन प्रत्यक्ष क्षणी जाणवणं, ही मेंदूत दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शाबूत राहून दुसरं जाऊ शकतं. आपल्या गृहस्थांना डॉक्टरांनी विचारलं, "स्मशानात विनोद करावा का?" ते म्हणाले, "छे, कसं करणार?" यात ढोंग नाही, की खोटेपणाही नाही. त्यांना नियम खरोखरच ठाऊक आहे.

ईव्हीआरच्या मेंदूत जे शस्त्रक्रियेने एका दिवसात झालं, ते एफटीडीत वर्षानुवर्षं हळूहळू होतं. पेशी एकेक करून मरतात आणि मेंदूचा तेवढा भाग आकसत जातो. प्रागचे आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये असा आकसलेला मेंदू असलेल्या रुग्णाचं वर्णन केलं होतं. त्यांच्यावरून या आजाराला कितीतरी वर्षं पिकचा आजार म्हणत. नुकसानीची सुरुवात बहुधा दोन जागी होते: मधला पुढचा पट्टा, आणि कानशिलाच्या आत दडलेल्या इन्सुला नावाच्या घडीचा पुढचा भाग. आपलं शरीर आत्ता कसं आहे, पोट भरलं का, छातीत धडधडतंय का, हे इन्सुलाला कळतं. समोरच्याच्या वेदनेने आपल्यात जे हलतं तेही तिथेच उमटतं. या दोन जागांमध्ये फॉन इकोनोमो पेशी नावाच्या लांबट, मोठ्या चेतापेशी असतात. मेंदूत इतरत्र त्या फार क्वचित आढळतात. बिल सीली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की या आजारात नेमक्या याच पेशी आधी आणि मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. पोट भरल्याचं न कळणं आणि पत्नीच्या मोडलेल्या मनगटाने काही न वाटणं, या दोन लक्षणांचा एकमेकांशी संबंध इथे आहे.

स्मरणशक्ती का टिकते, याचं उत्तरही जागेतच आहे. नव्या आठवणी साठवायचं काम हिपोकॅम्पस करतो. तो कानामागे, टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला असतो. अल्झायमरची पहिली झळ बहुतेक वेळा त्याच परिसराला लागते. म्हणून अल्झायमरचा रुग्ण सकाळी जेवलो का हे विसरतो, पण पाहुण्यांना 'या, बसा' म्हणायला सहसा चुकत नाही. आपल्या गृहस्थांचं उलट आहे. पुढे कधीतरी स्मरणशक्तीही जाते, पण तोवर घर पुष्कळ भोगून झालेलं असतं.

मग ३० गुणांची चाचणी जे पकडत नाही ते कशाने पकडायचं? एक छोटी तपासणी आहे. फ्रान्समधल्या ब्रुनो द्युब्वा यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली, १८ गुणांची, दहा मिनिटांत होणारी. तिचे सहा भाग आहेत आणि प्रत्येकाला तीन गुण. आपल्या गृहस्थांची ती कशी झाली ते बघा. केळं आणि संत्रं यांत सारखं काय? ते म्हणाले, "केळं लांब असतं, संत्रं गोल." दोन्ही फळं, हे सुचलं नाही. मग एका मिनिटात एकाच अक्षरापासून सुरू होणारे जमतील तितके शब्द सांगायचे होते; विशेषनामं नकोत. 'क' दिला. कमळ, कप, कागद, कावळा, कप, कागद. पुढे गाडी सरकेना. आणि हे तर पदवीधर.

मग हाताची तीन टप्प्यांची क्रिया: टेबलावर मूठ, मग हाताची कड, मग तळवा, आणि पुन्हा तसंच. डॉक्टरांबरोबर करताना जमलं. डॉक्टर थांबले तसे हे मूठ-तळवा, मूठ-तळवा करत राहिले. नंतरची सूचना अशी: मी एकदा टिचकी मारली की तुम्ही दोनदा मारा, मी दोनदा मारली की तुम्ही एकदा. हे थोडं अडखळत निभावलं. लगेच नियम बदलला: मी एकदा मारली की एकदा मारा, दोनदा मारली की अजिबात मारू नका. नियम त्यांनी स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितला. आणि तरीही डॉक्टरांनी दोनदा टिचकी मारली की यांचा हात दोनदा हले. शेवटी "माझा हात धरू नका" असं सांगून डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही तळव्यांवर आपले हात टेकवले, तर त्यांनी ते धरले. एकूण गुण आठ. बारा किंवा त्याखाली आले की शंका घ्यायची असते.

पण या तपासणीच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. शिक्षण कमी असेल तर गुण आपोआप घटतात. आणि आजाराच्या अगदी सुरुवातीला ते पूर्ण चांगलेही येऊ शकतात, ईव्हीआरसारखे. कारण त्यातले बरेच प्रश्न आखणी करणाऱ्या भागाची परीक्षा घेतात, लाजेच्या भागाची नव्हे. म्हणून निदानाचा खरा आधार घरच्यांची हकिगत हाच. २०११ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा गोष्टी आहेत: ताळतंत्र सुटणं, निरिच्छता, दुसऱ्याविषयीची आपुलकी जाणं, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणं, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि स्मरणशक्ती तुलनेने शाबूत राहून आखणीची क्षमता घटणं. यांतल्या किमान तीन असल्या आणि त्या वाढत चाललेल्या असल्या, तर एफटीडी असू शकतो असं म्हणता येतं. ते पक्कं करायला स्कॅन लागतो.

एमआरआयमध्ये पुढचा भाग आणि टेम्पोरल लोबचं टोक आकसलेलं, घड्यांमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात. इथेही एक खाच आहे. रिपोर्टमध्ये कधीकधी 'वयोमानानुसार मेंदू आकसला आहे' एवढंच लिहिलेलं असतं. छप्पनाव्या वर्षी फक्त पुढचाच भाग आकसणं हे वयोमान नव्हे, म्हणून चित्रं न्यूरॉलॉजिस्टने स्वतः बघावीत. एमआरआय सुरुवातीला साफही येऊ शकतो. तेव्हा पेशी साखर किती वापरतात ते दाखवणारा पेट स्कॅन उपयोगी पडतो. आणि स्कॅन टाळायचा नाही याचं आणखी एक कारण आहे. ईव्हीआरसारखी गाठ किंवा डोक्यात साचलेलं रक्तही हुबेहूब असंच वागायला लावतं, आणि त्यावर उपाय असतो. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या याच कारणासाठी करायच्या.

नैराश्यापासून हा आजार वेगळा कसा ओळखायचा? नैराश्यातला माणूस स्वतःला बोल लावतो, त्याला त्रास होतो, तो ते सांगतो. आपल्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर दुःख नाही. आपल्यात काही बदललं आहे हेच त्यांना मान्य नाही, आणि हा हट्ट नाही. स्वतःकडे बाहेरून बघायची सोयही मेंदूच्या त्याच पुढच्या भागात असते.

पेशी का मरतात, याबद्दल थोडक्यात. त्यांच्यात बहुधा टाऊ किंवा टीडीपी-४३ या नावांच्या प्रथिनांच्या गुठळ्या साचतात. काही घराण्यांत हे जनुकातून येतं. त्यातलं एक जनुक, २०११ मध्ये सापडलेलं C9orf72, एफटीडी आणि मोटर न्यूरॉनचा आजार हे दोन्ही घडवू शकतं. म्हणून हात बारीक होणं, स्नायू फडफडणं, गिळताना ठसका लागणं असं काही दिसलं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

आजार थांबवणारं औषध आज नाही. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसारखी गोळी इथे उपयोगी पडत नाही, उलट काहींची चिडचिड वाढवते. 'डिमेन्शियाची गोळी' म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून घ्यावं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी अधीरपणा आणि खाखा कमी होते. यापुढचं सगळं परिस्थिती बदलण्याचं काम आहे. समजावून, रागावून, शपथा घालून काही होत नाही, कारण नियम त्यांना आधीच माहीत आहे. पेढ्यांचा डबा दिसू नये अशा जागी ठेवणं याचा उपयोग होतो. चार वाजताचा चहा चालू द्यावा; ती सवय कोणाचं नुकसान करत नाही, आणि ती मोडायला गेलं की भांडण होतं. गाडीची किल्ली काढून घ्यावी.

पैशांचं काम मात्र सगळ्यात आधी आणि लवकर करावं. माणूस सही समजून करू शकतो तोवरच खाती संयुक्त करणं, नॉमिनी नोंदवणं, फोनवरून पैसे पाठवायची मर्यादा कमी करणं हे उरकावं. आपल्याकडे पुष्कळ जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. नेमकी गरज असते तेव्हाच ते चालत नाही, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

लक्षणं सुरू झाल्यापासून माणूस सरासरी सातआठ वर्षं जगतो, पण कोणी तीनच वर्षं, कोणी पंधरा. त्या काळात सगळा भार ज्यांच्यावर पडतो त्यांना बहुधा हेच ऐकावं लागतं, की नवरा चांगला धडधाकट आहे, तुम्हीच कमी पडता.

घरात असं कोणी असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर तारखांसकट लिहून न्या: पहिला बदल कोणता, कधी, आधी हा माणूस कसा होता, खाणं, पैसा, माया आणि लाज यांत काय बदललं. आणि त्या माणसाला बाहेर बसवून डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटं बोलायची वेळ मागून घ्या. त्यांच्यासमोर हे सांगणं जड जातं, आणि त्यांना विचारून काही कळत नाही. स्वतःलाच कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.